ज्याला नीट दिसत नाही त्याच्यासाठी व्हिडिओ

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी घरी निघतो, तेव्हा त्याच्या एका डोळ्याची पट्टी नुकतीच काढलेली असते. त्या डोळ्याला अजून ताजी सूज असते, पाणी येत असतं आणि वर काळा चष्मा असतो. दुसऱ्या डोळ्यात बहुधा मोतीबिंदू तसाच असतो, कारण दोन्ही डोळे एकदम करत नाहीत. नेमकं याच माणसाला आपण टीव्हीसमोर बसवतो आणि सांगतो, बघा, घरी गेल्यावर काय काळजी घ्यायची ते.

तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या डोळ्यांच्या दवाखान्यासाठी असा व्हिडिओ लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ही गंमत माझ्या लक्षात आलेली नव्हती. मी माहितीपट लिहितो. तीन मिनिटांचं काम, दोन दिवसांत होईल असं म्हणालो होतो. दोन महिने लागले.

पहिल्या दिवशी डिस्चार्जच्या वेळी कोपऱ्यात उभा राहिलो. सिस्टर एकेका पेशंटला समोर घेऊन सांगत होत्या. हा ड्रॉप सहा वेळा, हा चार वेळा, मधे पाच मिनिटं सोडायची, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, रात्री हे कवच लावायचं, दुखलं तर या. सगळं बरोबर, सगळं दीड मिनिटात. समोरच्या आजी दर वाक्याला मान हलवत होत्या. मुलगा साडेअकराची एसटी मिळेल का, हे घड्याळात बघत होता. शेवटी सिस्टरांनी विचारलं, “समजलं ना आजी?” आजी म्हणाल्या, “समजलं.” दारापर्यंत गेल्यावर त्यांनी मुलाला विचारलं, “आता पट्टी परत कधी बांधायची?” पट्टी परत बांधायचीच नव्हती.

यात आजींचा दोष नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीतला 40 ते 80 टक्के भाग माणूस लगेच विसरतो, असा अंदाज 2003 मधल्या एका शोधनिबंधात मांडलेला आहे. ज्या क्रमाने सिस्टर सांगत होत्या त्यात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे ‘दुखलं तर या’, शेवटी येत होती. तोवर मुलगा मनाने स्टँडवर पोचलेला होता.

डॉक्टरांनी मला एक छापील कागद दिला होता. मथळा होता ‘शस्त्रक्रियेपश्चात घ्यावयाची दक्षता’. त्यातलं एक वाक्य असं: ‘नेत्रामध्ये वेदना, लालसरपणा अथवा दृष्टिमांद्य जाणवल्यास तातडीने संपर्क साधावा.’ मराठी म्हणून काही चूक नाही. पण हे वाक्य मी रांगेतल्या एका काकांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, “म्हणजे फोन करायचा का?” मी म्हटलं, तातडीने म्हणजे कधी? ते म्हणाले, “बुधवारी बाजाराला येतोच की आम्ही.” तो दिवस गुरुवार होता.

मग ‘तातडीने’ का, हे मला समजून घ्यावं लागलं. मोतीबिंदू काढून भिंग बसवताना बुबुळाच्या कडेला एक बारीक चीर देतात. पुष्कळदा तिला टाकाही लागत नाही, ती आपली आपण मिटते. या चिरेतून जंतू आत गेले तर डोळ्याच्या आत पू होऊ शकतो. क्वचितच होतो, पण झाला तर डोळा जाऊ शकतो. बहुतेक वेळा हे ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यातच दिसून येतं, म्हणजे पेशंट घरी असताना. आणि इथे हिशेब तासांचा असतो. आज आलेल्या पेशंटच्या डोळ्यात औषधाचं इंजेक्शन देऊन नजर वाचवता येते. तोच पेशंट पुढच्या बुधवारच्या बाजाराला आला, तर वाचवण्यासारखं काही उरलेलं नसण्याची भीती असते.

एवढं कळल्यावर स्क्रिप्टचा कणा ठरला. डॉक्टरांना सुरुवातीला दवाखान्याची इमारत, पाटी, रिबन कापतानाचा फोटो आणि ‘आपले सहर्ष स्वागत’ असं सगळं हवं होतं. वीस सेकंद त्यातच गेली असती. मी म्हटलं, पहिल्या वीस सेकंदांत माणूस सगळ्यांत जास्त लक्ष देऊन ऐकतो, ती इमारतीवर घालवू नका. थोडी कुरबूर झाली, पण इमारत गेली. व्हिडिओ आता असा सुरू होतो.

दिसेल: काळा पडदा. एक हाताचा पंजा, तीन बोटं एकामागून एक उघडतात.
ऐकू येईल: डोळा दुखला. डोळा लाल झाला. काल दिसत होतं, आज कमी दिसतं. तिन्हीपैकी एक जरी झालं, तर त्याच दिवशी दवाखान्यात या. रविवार असला तरी या. येता येत नसेल तर लगेच फोन करा.

पडदा काळा ठेवायचं कारण मोतीबिंदूच आहे. गढूळ झालेल्या भिंगातून उजेड विखुरतो, त्यामुळे पांढऱ्या भडक पडद्याकडे बघितलं की या माणसांचे डोळे दिपतात आणि त्यावरची काळी अक्षरं विरघळून जातात. काळ्यावर पिवळं किंवा पांढरं ठळक काही असेल तर ते जास्त सोसतं. अक्षरंही एका वेळी तीन-चार शब्दांपलीकडे घेतली नाहीत. ‘दुखला’ म्हणताना पडद्यावर फक्त ‘दुखला’.

हे तीन बोटांचं वाक्य व्हिडिओत तीन वेळा येतं: सुरुवातीला, ड्रॉप कसा टाकायचा हे दाखवून झाल्यावर, आणि शेवटी. तिन्ही वेळा शब्द न् शब्द तेच, आवाज तोच, पंजा तोच. माझा हात इथे सारखा अडखळत होता. शाळेत निबंधात एक शब्द दोनदा आला की बाई लाल रेघ मारायच्या, त्यामुळे दुसऱ्या वेळी मी सहज ‘वेदना होऊ लागल्या’ असं लिहून गेलो. चाचणीच्या वेळी एका आजोबांनी विचारलं, “ते दुखणं वेगळं आणि हे वेगळं का?” ऐकणाऱ्याच्या लेखी शब्द बदलला की गोष्ट बदलते. लेखकाला कंटाळा आला तरी चालेल, पण वाक्य बदलायचं नाही, हे त्या दिवशी पटलं.

दुसरा गुंता साध्या त्रासाचा होता. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपतं, थोडं पाणी येतं, थोडं धूसर दिसतं. ते ठीक आहे. मग ‘दुखलं तर या’ म्हटल्यावर सगळेच येतील, आणि ‘थोडं दुखेलच’ म्हटलं तर यायला हवा तोही येणार नाही. कमी-जास्त मोजायला घरी कसलं माप असणार? डॉक्टर म्हणाले, दुखण्याचं माप नाही, पण दिशा आहे. बरा होणारा डोळा रोज कालच्यापेक्षा आज बरा असतो. जंतू लागलेला डोळा दोन-तीन दिवस ठीक असतो आणि मग उलटा फिरतो.

ही दिशा घरी कशी बघायची, यासाठी आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर वापरलं. रोज सकाळी चहाच्या वेळी ठरलेल्या एकाच जागी बसायचं, दुसरा डोळा तळहाताने नुसता झाकायचा, दाबायचा नाही, आणि ऑपरेशनच्या डोळ्याने कॅलेंडरवरची तारीख बघायची. काल दिसली आणि आज दिसत नाही, तर फोन. दुसरा डोळा झाकणं महत्त्वाचं, कारण दोन्ही डोळे उघडे असले की एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो आणि माणसाला चार दिवस पत्ता लागत नाही.

आता ड्रॉप. व्हिडिओतला अर्धा वेळ याला दिला आहे, आणि मला वाटतं तो योग्यच आहे. ड्रॉप टाकणं ही सोपी गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. कॅनडात 2014 साली 54 जणांची एक पाहणी झाली. या लोकांनी आधी कधी डोळ्यात औषध घातलेलं नव्हतं आणि त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांना ड्रॉप टाकायला सांगून कॅमेऱ्याने टिपलं, तर दहातल्या नवांहून जास्त लोकांची काही ना काही चूक होत होती. कोणी हात धुतले नाहीत, कोणी बाटलीचं टोक डोळ्याला लावलं, कोणाचा थेंब गालावर पडला. हे शिकलेल्या, सुखवस्तू देशातले लोक होते.

आमच्या स्क्रिप्टमधला तो भाग मी सात वेळा लिहिला. शेवटचा असा आहे.

दिसेल: नळाखाली दोन हात, साबणाचा फेस.
ऐकू येईल: आधी हात साबणाने धुवा. पेशंटने नाही, जो ड्रॉप टाकणार आहे त्याने.

दिसेल: आजी खाटेवर उताण्या झोपलेल्या. सून शेजारी बसलेली.
ऐकू येईल: उताणं झोपा. वर, छताकडे बघा.

दिसेल: जवळून. बोटाने खालची पापणी खाली ओढलेली. पापणी आणि डोळा यांच्यामध्ये छोटी खाच.
ऐकू येईल: खालची पापणी बोटाने हळूच खाली ओढा. ही खाच दिसते? थेंब इथे टाकायचा. डोळ्याच्या मधोमध नाही.

दिसेल: बाटली वर, मध्ये एक बोट मावेल एवढं अंतर. एक थेंब पडतो.
ऐकू येईल: बाटली डोळ्याला लावू नका. पापणीला लावू नका. एकच थेंब. एकच.

दिसेल: आजी डोळा मिटून शांत पडलेल्या.
ऐकू येईल: आता डोळा हळूच मिटा. गच्च मिटू नका. शंभर आकडे म्हणा.

‘एकच’ दोनदा का, तर लोक दोन-तीन थेंब टाकतात. जास्त औषध, जास्त गुण, असा आपला हिशेब असतो. खरं म्हणजे डोळ्याच्या त्या खाचेत एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही. बाटलीतून पडणारा थेंब खाचेच्या मापापेक्षा मोठाच असतो, उरलेलं गालावर ओघळतं. दुसरा थेंब म्हणजे निव्वळ नासाडी, आणि बाटली महिन्याऐवजी दहा दिवसांत संपते. मग नवी आणायला पैसे नसले की औषधच बंद. हे कारण व्हिडिओत घातलेलं नाही. तिथे फक्त ‘एकच’ आहे. कारण सांगायचं का, यावर आमचा वाद झाला. कारण कळलं तर माणूस ऐकतो हे खरं, पण प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत बसलं तर तीन मिनिटांची दहा मिनिटं होतात. शेवटी जिथे कारणाशिवाय माणूस हमखास उलट वागेल, तिथेच कारण द्यायचं ठरलं.

दोन बाटल्यांच्या मधल्या पाच मिनिटांचंही असंच झालं. लगेच दुसरा थेंब टाकला तर तो पहिल्याला धुऊन काढतो, म्हणून पाच मिनिटं. मी आधी घड्याळाचा काटा पाचाच्या घरात फिरताना दाखवला होता. एका मावशींना विचारलं, काय समजलं? म्हणाल्या, “एक वाजता टाकायचं.” मिनिटकाटा पाच मिनिटांच्या खुणेवर, म्हणजे एकाच्या आकड्यावर जाऊन थांबला होता. चूक माझीच. मग घड्याळ काढलं आणि सुनेने पहिला थेंब टाकून चहाचं आधण ठेवलेलं दाखवलं. चहा उकळून कपात ओतला की दुसरी बाटली.

नाकाच्या बाजूला डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला, तर औषध घशात उतरत नाही आणि डोळ्यात जास्त टिकतं. पुस्तकात हे असतं, डॉक्टरांनाही ते हवं होतं. चाचणीत पाचपैकी दोघांनी कोपऱ्याऐवजी डोळाच दाबला. ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यावर! ते वाक्य आम्ही काढून टाकलं. चांगली गोष्ट सोडून द्यायला जड जातं, पण चुकीची केली गेली तर जिच्यामुळे इजा होईल अशी सूचना तीन मिनिटांच्या व्हिडिओत नकोच, असं माझं मत झालं.

‘नको’ कसं दाखवायचं, याने मला सगळ्यांत जास्त छळलं. आपल्याकडे डोळ्यातून पाणी आलं की बायकांचा हात पदराकडे जातो आणि पुरुषांचा खांद्यावरच्या टॉवेलकडे. तो पदर दिवसभर चुलीपाशी, गोठ्यात, एसटीच्या दांड्यावर असतो. म्हणून एक चित्र काढून घेतलं: आजी पदराने डोळा पुसताहेत, वर लाल फुली. छान चित्र झालं. ज्या आजींवर पहिल्यांदा ते तपासलं त्यांना डाव्या डोळ्याने फुली अंधुक दिसत होती. विचारलं, डोळ्यातून पाणी आलं तर काय कराल? “पदराने पुसायचं,” त्या ठामपणे म्हणाल्या, “दाखवलंय की तुम्हीच.”

फुली पुसट दिसली, किंवा तिच्याकडे लक्ष गेलं नाही, की मागे उरतं ते चुकीच्या कृतीचं छान, स्वच्छ चित्र. हाच घोळ डोळा चोळण्याच्या आणि तोंडावर पाण्याचे हबके मारण्याच्या चित्रातही होता. शेवटी चुकीची कृती पुरी दाखवायचीच नाही असं ठरवलं. आता हात पदराकडे जातो, अर्ध्यावर थांबतो, पदर कमरेला खोचला जातो आणि हात ताटलीतल्या स्वच्छ कापसाकडे वळतो. कापसाने गाल पुसला जातो, डोळा नाही. ऐकू येतं: पदर नको, टॉवेल नको. गालावर आलेलं पाणी कापसाने टिपा. डोळ्याला हात लावू नका.

फुली नसली तरी चालतं. ‘नको’चं चित्र काढण्यापेक्षा त्या जागी काय करायचं त्याचं चित्र काढलं की काम होतं. डोक्यावरून आंघोळ नको, तर मानेखाली आंघोळ करताना आणि चेहरा ओल्या फडक्याने पुसताना दाखवायचं. रात्री झोपेत हात जातो, म्हणून कवच लावून चिकटपट्टी ओढताना दाखवायचं. भरलेला हंडा उचलायचा नाही, तर नातू हंडा उचलतो आहे आणि आजी रिकाम्या हाताने मागून चालल्या आहेत. नातवाचं काम करणाऱ्या मुलाने तो हंडा खरोखरच भरून आणला होता आणि अर्धा अंगावर सांडला. तो तुकडा आम्ही ठेवला, कारण बघताना सगळे हसतात आणि लक्षात ठेवतात.

आता व्हिडिओत काय नाही ते सांगतो. औषध किती वेळा, किती दिवस, हे त्यात नाही. कुठल्या डोळ्यात, हेही नाही. ड्रॉपची वेळ पेशंटप्रमाणे बदलते. कोणाला पहिला आठवडा सहा वेळा आणि मग दर आठवड्याला एक कमी, तर कोणाला मधुमेह आहे म्हणून वेगळं. बाटलीच्या झाकणाचा रंगही सांगितला नाही, कारण तेच औषध दुसऱ्या कंपनीचं घेतलं की झाकण बदलतं. जे सगळ्यांना सारखं ते व्हिडिओत आणि जे ज्याचं त्याचं ते कार्डावर, अशी वाटणी केली. कार्डावर दर थेंबासाठी एक चौकट. टाकला की पेनाने काट मारायची. दर आठवड्याला चौकटी एकेकीने कमी होत जातात, त्यामुळे औषध हळूहळू कमी करायचं आहे, एकदम सोडायचं नाही, हे वाचता न येणाऱ्यालाही दिसतं.

एकदम सोडणं ही नेहमीची गोष्ट आहे. आठव्या दिवशी लख्ख दिसायला लागलं की लोक म्हणतात, झालं की बरं. पण त्या औषधातलं स्टेरॉइड डोळ्याच्या आतली सूज दाबून ठेवत असतं, मधेच सोडलं की सूज उसळते. उलट काही जण इतके खूश होतात की दुकानातून तीच बाटली पुन्हा आणून महिनोन् महिने घालत राहतात. त्याने काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदूची वाट लागते. आणि तिसरा प्रकार उसाच्या पट्ट्यात फार दिसतो. शेजाऱ्याच्या डोळ्याला उसाचं पातं लागलं, डोळा लाल झाला. आजींकडे ‘डोळ्याचं भारी औषध’ उरलेलं असतं, त्या मायेने देतात. पात्याच्या जखमेत बुरशी असेल तर स्टेरॉइड तिला खतपाणी घालतं आणि बुबुळ खराब होतं. ही एक जागा अशी, जिथे आम्ही कारण दिलं: ‘उरलेली बाटली कोणाला देऊ नका. तुम्हाला जे औषध आहे, ते दुसऱ्याच्या डोळ्याला विष होऊ शकतं.’ डॉक्टरांना ‘विष’ हा शब्द जरा जास्त वाटला. मी आणि सिस्टर दोघेही अडून बसलो.

व्हिडिओ पुरा झाल्यावर आम्ही तो दोन पद्धतींनी पाहिला. एकदा डोळे मिटून, नुसता ऐकत, कारण पेशंटला तो असाच पोचणार आहे. एकदा आवाज बंद करून, कारण वॉर्डात पंखा, रडणारं पोर आणि मोबाइलवरचं गाणं या तिन्हींच्या गोंगाटात नातेवाइकाला तो असाच दिसणार आहे. दोन्ही वेळा अर्थ लागला पाहिजे. डोळे मिटून ऐकताना ‘ही खाच दिसते?’ याला काहीच अर्थ नव्हता, तिथे ‘पापणी आणि डोळा यांच्यामध्ये खाच होते’ असं घातलं. आवाज बंद केल्यावर शंभर आकड्यांचा भाग म्हणजे नुसती झोपलेली बाई वाटत होती, तिथे सुनेची बोटं मोजताना दाखवली. बोलण्याचा वेगही कमी केला. बातम्या देणारी बाई जे दोन मिनिटांत म्हणेल ते आमच्या सिस्टर तीन मिनिटांत म्हणतात. आवाज त्यांचाच घेतला. फिल्मी आवाजाचा एक पुण्याचा गृहस्थ चालून आला होता, पण पेशंटना त्याचा आवाज रेडिओवरच्या तेलाच्या जाहिरातीसारखा वाटला.

व्हिडिओ दोनदा दाखवतात: ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, जेव्हा डोकं शांत असतं, आणि सकाळी निघताना. नंतर तो सुनेच्या किंवा मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. पण ‘समजलं ना?’ हा प्रश्न आता बंद केला आहे. अमेरिकेत 2006 साली औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्यांवर एक अभ्यास झाला होता. ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या’ हे वाक्य ज्यांना वाचायला अडचण होती अशांतल्या शंभरात सुमारे एकाहत्तर जणांनी बरोबर म्हणून दाखवलं. पण दिवसाच्या गोळ्या किती ते दाखवा म्हटल्यावर चार गोळ्यांचा हिशेब शंभरात जेमतेम पस्तीस जणांना जमला. म्हणता येणं आणि करता येणं यांत एवढी दरी असते. म्हणून आता निघण्याआधी जो घरी ड्रॉप टाकणार आहे, तो सिस्टरांसमोर सकाळचा ड्रॉप स्वतः टाकतो. सिस्टर बघतात, हात धुतले का, टोक लागलं का, थेंब किती पडले. मग एकच प्रश्न: “घरी गेल्यावर तीन बोटं कुठली, ते मला सांगा बरं.” तीन सांगता आली नाहीत तर पहिली वीस सेकंदं पुन्हा.

पहिल्या आठवड्यात एका सुनेने तिन्ही बोटं पाठ म्हटली, ड्रॉपही अगदी व्यवस्थित टाकला, फक्त डावा-उजवा चुकला. ऑपरेशन उजव्या डोळ्याचं होतं. तेव्हापासून कार्डावर चेहऱ्याचं एक रेखाचित्र असतं आणि त्यावर सिस्टर पेशंटच्या समोर लाल पेनाने डोळा गोल करतात. आरशातल्यासारखं उलटं होऊ नये म्हणून कार्ड पेशंटच्या कपाळाशी धरून करतात. बघायला विनोदी दिसतं.

व्हिडिओच्या शेवटी पुन्हा काळा पडदा, तीन बोटं, तेच शब्द, आणि मग फोन नंबर. नंबर एकेक आकडा सुटा करून दोनदा म्हटला जातो आणि कार्डाच्या मागे बोटभर उंचीच्या अक्षरात छापलेला असतो, तेही दाखवतो. संगीत नाही.

शूटिंगच्या आदल्या रात्री अकरा वाजता, सहज म्हणून, मी तो नंबर लावून पाहिला. वाजत राहिला. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. तोच प्रकार. सकाळी कळलं, तो फोन रिसेप्शनच्या टेबलावर असतो आणि आठला दवाखाना बंद होतो. मी डॉक्टरांना म्हटलं, आपण तीनदा सांगतोय लगेच फोन करा, आणि घेणार कोण? ते थोडे चिडले, मग गप्प झाले. शूटिंग आठवडाभर पुढे ढकललं. त्या आठवड्यात एक साधा, बटणांचा मोबाइल विकत आणला गेला. तो रोज रात्री कोण घरी नेणार याची पाळी एका कागदावर लिहून रिसेप्शनच्या भिंतीवर लावली आहे. सोमवारी मोठ्या सिस्टर, मंगळवारी कंपाउंडर, आणि शनिवार-रविवार स्वतः डॉक्टर.